पहूरहून निघण्याआधी कागदावरची बेरीज

सुट्टी लागली की घरी पाहुणे येतात. मग एका दिवसात अजिंठा, संभाजीनगर आणि वेरूळ करून रात्री पहूरला परतायचा बेत ठरतो. तो कागद माझ्या हाती आला की मी आधी काय तपासतो, ते सांगतो.

१. सरासरी वेग वेळेवरून काढा. जळगाव ते पहूर साधारण ४० किलोमीटर. त्यातले २० किलोमीटर ताशी ६० ने गेलात आणि गावं, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या यांमुळे उरलेले २० ताशी ३० ने, तर सरासरी ४५ पडत नाही. पहिल्याला २० मिनिटं लागली, दुसऱ्याला ४०. म्हणजे तासात ४० किलोमीटर. हळू चाललेला टप्पाच जास्त वेळ खातो, म्हणून प्रत्येक टप्प्याची मिनिटं वेगळी काढून मगच बेरीज करावी.

२. फर्दापूर ते संभाजीनगर अंदाजे १०० किलोमीटर. पाहुण्यांनी ताशी ६० धरून पावणेदोन तास लिहिलेले असतात. मी अजिंठ्याच्या घाटाचे १० किलोमीटर आणि गोळेगाव, सिल्लोड, फुलंब्री, शहराचं तोंड मिळून ३०, असे ४० किलोमीटर ताशी ३० ने धरतो. त्यांची ८० मिनिटं, मोकळ्या ६० किलोमीटरांचा एक तास. झाले दोन तास वीस मिनिटं.

३. थांबा म्हणजे फक्त बघण्याचा वेळ नव्हे. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच सोडावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने. लेणी ९ ला उघडतात. तिकीट, बसची रांग, चढण आणि लेणी धरून १ वाजतो. जेवून पावणेदोनला निघालात तर संभाजीनगर चार वाजून पाच मिनिटांनी, वेरूळ पाचच्या पुढे. कैलास लेणं घाईत पाहायचं का? माझं मत स्पष्ट आहे, वेरूळला दुसरा दिवस द्यावा. वारही बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

४. पेट्रोलचा हिशेब टाकी ते टाकी करावा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी तसंच भरा. मधे ३२० किलोमीटर झाले आणि २० लिटर बसलं, तर ॲव्हरेज १६. पाच माणसं, एसी आणि घाट असेल तर मी १४ धरतो. ३५ लिटरची टाकी अर्धी म्हणजे साडेसतरा लिटर. पाच लिटर शिलकीला ठेवले की उरलेल्या साडेबारात १७५ किलोमीटर. पहूर ते वेरूळ १५० च्या आसपास होतात, म्हणजे जाणं निभेल, पण परतीचं तेल नाही. शिवाय शहरात आणि पार्किंग शोधताना फिरलेले किलोमीटर नकाशाच्या बेरजेत धरलेले नसतात. म्हणून पेट्रोल भरायचा थांबा वेरूळच्या आधी, संभाजीनगरातच लिहावा आणि त्याची पंधरा मिनिटंही वेळेत धरावीत.