पाकिटावरची वेळ आणि घरचा मायक्रोवेव्ह : व्यस्त चलनाचा स्वयंपाकघरातला पाठ

इयत्ता : आठवी (चलन), नववीला उजळणीसाठीही चालेल
साहित्य : १ लीटर पाणी, मोठं काचेचं भांडं, थर्मामीटर, मायक्रोवेव्ह, गोठवलेल्या किंवा तयार पदार्थाचं एखादं पाकीट

व्यस्त चलन शिकवताना आपण मजूर आणि दिवस यांची उदाहरणं देतो. मजूर कमी झाले की दिवस वाढतात, हे मुलांना लगेच कळतं. पण किती वाढतात, इथे गाडी अडते. त्यासाठी एक उदाहरण खूप उपयोगी पडतं, आणि ते गणितापुरतं नाही. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या, खोलीत एकटं राहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनीही ते वाचावं.

पाकिटावर काय लिहिलेलं असतं?

अमेरिकेत गोठवलेल्या जेवणाच्या पाकिटावर 'हाय पॉवरवर ४ मिनिटं' अशी सूचना असते. जवळच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही वेळ ११०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये तपासलेली आहे. वसतिगृहातला किंवा भाड्याच्या खोलीतला लहान मायक्रोवेव्ह मात्र बऱ्याचदा ७०० वॅटचा असतो. मग ४ मिनिटांत पदार्थ कडेने वाफाळतो आणि मध्ये थंड राहतो.

ही फक्त चवीची गोष्ट नाही. २००७ साली अमेरिकेत गोठवलेल्या चिकन आणि टर्की पॉट पायमुळे साल्मोनेलाची साथ आली. ४१ राज्यांत ४०१ रुग्णांची नोंद झाली. पॉट पाय म्हणजे आत मांस-भाजी आणि वर मैद्याचं कवच असलेला पदार्थ. तो आधीच शिजवलेला आहे असं वाटतं, पण तो घरी पूर्ण शिजवावाच लागतो. तपासात दिसलं की बहुतेक रुग्णांनी तो मायक्रोवेव्हमध्ये केला होता, आणि आपला मायक्रोवेव्ह किती वॅटचा आहे हे अनेकांना माहीत नव्हतं. पाकिटावरची वेळ कोणत्या वॅटसाठी आहे, हे न पाहणं इतकं महागात पडू शकतं.

गणित कुठे आहे?

१ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. पदार्थ तोच असेल तर त्याला लागणारी ऊर्जा साधारण तेवढीच राहते. म्हणजे शक्ती × वेळ हा गुणाकार स्थिर राहतो. हेच व्यस्त चलन.

पाकिटाची शक्ती ११०० वॅट, वेळ ४ मिनिटं म्हणजे २४० सेकंद.
लागणारी ऊर्जा = ११०० × २४० = २,६४,००० ज्यूल
घरची शक्ती ७०० वॅट.
घरची वेळ = २,६४,००० ÷ ७०० = सुमारे ३७७ सेकंद, म्हणजे ६ मिनिटं १७ सेकंद

थोडक्यात सूत्र असं : घरची वेळ = पाकिटाची वेळ × पाकिटाचे वॅट ÷ घरचे वॅट

मिनिटं-सेकंदांत थेट गुणाकार करू देऊ नका. आधी सगळे सेकंद करायला लावा, नाहीतर ६.२८ मिनिटं म्हणजे ६ मिनिटं २८ सेकंद असं मुलं हमखास लिहितात.

मुलं कुठे चुकतात?

फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी वर्गाला अंदाज करायला सांगा. बरीच मुलं असा विचार करतात : ११०० वरून ७०० म्हणजे ४०० वॅट कमी, ४०० हे ११०० च्या सुमारे ३६ टक्के, मग वेळ ३६ टक्के वाढवू. त्यांचं उत्तर येतं ३२७ सेकंद, म्हणजे ५ मिनिटं २७ सेकंद. ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

आता त्यांनाच पडताळा करू द्या. ७०० × ३२७ = २,२८,९०० ज्यूल. हवी होती २,६४,०००. म्हणजे पदार्थाला १३ टक्के ऊर्जा कमी मिळाली. शक्ती ३६ टक्क्यांनी घटली तर वेळ ५७ टक्क्यांनी वाढवावी लागते. घट मोजताना आपण ११०० ने भागतो, वाढ मोजताना ७०० ने. टक्केवारीचा आधार बदलला की आकडा बदलतो, हे इथे मुलांच्या नीट लक्षात राहतं.

'घरचे वॅट' नेमके कोणते?

मायक्रोवेव्हच्या मागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर दोन आकडे असू शकतात : इनपुट आणि आउटपुट. इनपुट म्हणजे यंत्र विजेच्या बोर्डातून घेतं ती शक्ती, आउटपुट म्हणजे पदार्थ तापवायला मिळते ती. बाकीची शक्ती यंत्र स्वतः गरम होण्यात, पंख्यात आणि दिव्यात जाते. समजा पट्टीवर इनपुट ११५० आणि आउटपुट ७०० आहे. ११५० हा आकडा धरला, तर आपला मायक्रोवेव्ह पाकिटापेक्षाही जोरदार आहे असं वाटेल आणि आपण वेळ उलट कमी करू. म्हणून सूत्रात फक्त आउटपुट घ्यायचं.

पट्टी पुसली गेली असेल, किंवा आपल्याकडे विजेचा दाब कमी राहत असेल, तर पाण्याने मोजता येतं. हा प्रयोग मोठ्यांनीच करावा :

१. मोठ्या काचेच्या भांड्यात १ लीटर पाणी मोजून घ्या. ढवळून तापमान लिहून ठेवा.
२. थर्मामीटर बाहेर काढा. भांडं हाय पॉवरवर बरोबर २ मिनिटं ठेवा.
३. भांडं बाहेर काढून लगेच पाणी ढवळा आणि पुन्हा तापमान घ्या.
४. तापमानातल्या फरकाला ३५ ने गुणा. उत्तर वॅटमध्ये येतं.

हे ३५ कुठून आले? १ लीटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१९० ज्यूल लागतात. २ मिनिटं म्हणजे १२० सेकंद. ४,१९० ÷ १२० = सुमारे ३५. नववीच्या मुलांकडून हे काढून घ्या.

उदाहरण : पाणी २४ अंशांवरून ४३ अंशांवर गेलं. फरक १९. १९ × ३५ = ६६५ वॅट. पट्टीवर ७०० असलं तरी या घरात ६६५ च मिळतात. मग वरच्या पाकिटाची वेळ २,६४,००० ÷ ६६५ = सुमारे ३९७ सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ३७ सेकंद होईल.

तापाच्या थर्मामीटरने हे जमणार नाही, त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यासाठी चालेल, पण तो खाण्याच्या पदार्थात कधीच घालू नका.

सूत्र कुठे लावायचं नाही?

पाकिटावर बहुधा तीन टप्पे असतात : तापवा, ढवळून पुन्हा तापवा, मग २ मिनिटं तसंच राहू द्या. तापवण्याच्या प्रत्येक टप्प्याला सूत्र वेगवेगळं लावायचं. पण शेवटचा थांबण्याचा वेळ आहे तेवढाच ठेवायचा, कारण तेव्हा मायक्रोवेव्ह बंद असतो. कडेची उष्णता मध्यभागाकडे सरकायला लागणारा तो वेळ आहे, त्याचा वॅटशी संबंध नाही. आणि हा टप्पा गाळायचा तर मुळीच नाही.

दुसरी मर्यादा बर्फाची. पाणी मायक्रोवेव्ह लहरी चांगल्या शोषतं, बर्फ फार कमी शोषतो. गोठलेल्या पदार्थाची कड आधी वितळते, मग तीच भराभर तापत जाते आणि मधला गोळा तसाच राहतो. म्हणून सूत्राने आलेल्या वेळेच्या साधारण मध्यावर थांबून ढवळायचं. ढवळता येत नसेल तर पाकीट अर्धं फिरवायचं.

तिसरी मर्यादा म्हणजे हे उत्तर सुरुवातीचा अंदाज आहे. वेळ लांबली की पदार्थाची थोडी उष्णता हवेत जाते, शिवाय लहान पाकीट लीटरभर पाण्याइतकी शक्ती शोषत नाही. त्यामुळे सूत्राच्या वेळेनंतर तपासायचं, आणि कमी वाटलं तर ३०-३० सेकंदांनी वाढवायचं. मांस, अंडी किंवा उरलेलं अन्न असेल तर स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मध्यभागी आणि आणखी दोन-तीन जागी खुपसून पाहायचा. सगळीकडे ७४ अंश सेल्सिअस आलं पाहिजे. अमेरिकेतल्या पाकिटावर हाच आकडा १६५ अंश फॅरनहाइट असा असतो. वरून वाफ दिसली म्हणजे आत शिजलं, असं नाही.

'७०० वॅटपेक्षा कमी मायक्रोवेव्हमध्ये करू नका' अशी सूचना पाकिटावर असेल, तर सूत्र बाजूला ठेवा आणि ओव्हन किंवा गॅस वापरा. पॉपकॉर्नला तर सूत्रापेक्षा कान बरा : दोन फुटण्यांमधलं अंतर २ सेकंदांच्या आसपास गेलं की बंद करायचं.

उलट परिस्थिती

घरचा मायक्रोवेव्ह पाकिटापेक्षा जास्त वॅटचा असेल तर दोन वाटा आहेत : वेळ कमी करा, किंवा पॉवर कमी करा. पाकीट ८०० वॅटचं आणि घरचा १००० वॅटचा असेल, तर ८० टक्के पॉवर लावून पाकिटावरचीच वेळ ठेवता येते. कमी वॅटच्या मायक्रोवेव्हला ही दुसरी वाट नसते, कारण हायच्या वर काही नाही. तिथे वेळच वाढवावी लागते. अपवाद एकच : पाकिटावरच '५० टक्के पॉवर' लिहिलेलं असेल तर. ११०० चे ५० टक्के म्हणजे ५५० वॅट. ७०० वॅटच्या मायक्रोवेव्हवर ८० टक्के लावले की ५६० मिळतात, आणि वेळ बदलायची गरजच उरत नाही. हे उदाहरण हुशार मुलांना आधी न सांगता सोडवायला द्या.

सरावासाठी

१. पाकीट : १००० वॅट, ३ मिनिटं. घरी ८०० वॅट. वेळ किती?
२. पाकीट : ११०० वॅट, ५ मिनिटं तापवा, ढवळा, २ मिनिटं तापवा, १ मिनिट राहू द्या. घरी ८०० वॅट. तिन्ही वेळा लिहा.
३. १ लीटर पाणी २ मिनिटांत २८ अंशांवरून ५० अंशांवर गेलं. आउटपुट किती?

उत्तरं : (१) ३ मिनिटं ४५ सेकंद. (२) सुमारे ६ मिनिटं ५३ सेकंद, २ मिनिटं ४५ सेकंद, १ मिनिट. (३) ७७० वॅट.

दुसऱ्या गणितात शेवटच्या १ मिनिटालाही सूत्र लावलं असेल, तर त्या मुलाला गुणाकार येतो, पण सूत्र कशासाठी आहे ते अजून कळलेलं नाही. त्याला एवढंच विचारा : "त्या एका मिनिटात मायक्रोवेव्ह चालू आहे की बंद?"