समूहनिर्णयाच्या तीन पद्धती : सुलतान बाजारचे उदाहरण

हैदराबाद येथील सुलतान बाजारातून जाणारा मेट्रो मार्ग फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी त्याच्या आखणीस येथील व्यापाऱ्यांचा अनेक वर्षे विरोध होता. अशा दाट वस्तीच्या बाजारात अनेकांची मते घेऊन निर्णय करावयाचा, तर मते कोणत्या रीतीने घ्यावीत?

समजा, एका बैठकीस पाच दुकानदार, दोन फेरीवाले, एक शिक्षक व एक रहिवासी असे नऊजण जमले आहेत. प्रश्न असा : रस्ता पादचाऱ्यांस मोकळा कसा करावा?

पहिली पद्धत विचारमंथनाची. अलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरात-व्यावसायिकाने १९५३ च्या आपल्या ग्रंथातून ती लोकप्रिय केली. टीका न करता सुचेल ते बोलावे, हा तिचा नियम. परंतु एकजण बोलत असता इतरांना थांबावे लागते, व थांबता थांबता सुचलेले विसरते. येल विद्यापीठातील १९५८ च्या प्रयोगात एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्र केलेल्या सूचना, एकत्र बसलेल्या चौघांहून पुष्कळच अधिक भरल्या. आमच्या बैठकीत तर फेरीवाले दुकानदारांसमोर बहुधा बोलणारच नाहीत.

म्हणून डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांनी नाममात्र गटाची पद्धत मांडली. आरंभी प्रत्येकजण मुकाट्याने कागदावर सूचना लिहितो. तोवर गट केवळ नावापुरता असतो. नंतर पाळीपाळीने एकेक सूचना फळ्यावर येते. त्यानंतर केवळ खुलासा, वाद नव्हे. शेवटी प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या पाच सूचनांस गुप्तपणे पाच ते एक गुण द्यावयाचे.

येथे सावध राहावे. ‘फेरीवाले हटवावेत’ या सूचनेस पाच दुकानदारांनी प्रत्येकी ५ गुण दिले, इतर चौघांनी काहीच नाही, बेरीज २५. ‘माल सकाळी दहापूर्वी उतरवावा’ हीस सातजणांनी ३ व दोघांनी २ गुण दिले. बेरीज तीच २५. पहिलीत बाजार दुभंगला आहे, दुसरीत सर्वांची मध्यम संमती आहे. केवळ बेरीज वाचणाऱ्या अधिकाऱ्यास हा भेद दिसणार नाही, आणि त्यात दोघांची उपजीविका जाईल. यास्तव प्रत्येक सूचनेपुढे किती जणांनी गुण दिले तेही लिहावे, आणि गुण विखुरलेले असल्यास चर्चा करून पुन्हा मतदान घ्यावे. गटाची निवडही तितकीच महत्त्वाची. पाच दुकानदारांऐवजी तिघे असते तर पहिलीची बेरीज १५ वरच थांबली असती.

डेल्फी पद्धत अमेरिकेतील रँड संस्थेत १९५० च्या दशकात तयार झाली. तीत तज्ज्ञ एकत्र येत नाहीत. प्रश्नावली पाठवून उत्तरे गोळा करावयाची, त्यांचा गोषवारा नावे न देता परत पाठवावयाचा व उत्तर बदलण्याची संधी द्यावयाची. अशा दोन-तीन फेऱ्या होतात. वरील प्रश्नास ती उपयोगाची नाही. ‘दहा वर्षांनी येथे वाहने किती असतील?’ अशा अंदाजास मात्र ती चालते. प्रत्येक फेरीस कित्येक आठवडे लागतात, आणि काहीजण मध्येच गळतात. उरलेल्यांची उत्तरे जवळ आलेली दिसली तरी ते गोषवाऱ्यास शरण गेले असण्याचा संभव असतो. म्हणून उत्तर बदलणाऱ्याकडून कारण लिहून घ्यावे. आणि उत्तरे दोन टोकांस साचली, तर मधला आकडा न काढता दोन्ही आकडे कारणांसह वर पाठवावेत.