खोडव्यावरचा केवडा आणि हिराकशीची तक्रार



आपल्या एका सभासदांचे तक्रारीचे पत्र शेतकी खात्याकडे आले आहे. ते लिहितात, "तुमच्या स्टोअरमधून हिराकशीच्या दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या नेल्या. दोन एकर खोडव्याला दोन पिशव्या बुडख्यालगत टाकल्या आणि पाणी दिलं. आज वीस दिवस झाले. ऊस होता तसाच पांढराफटक आहे, उलट जास्तच पांढरा पडला. माल खोटा आहे. पैसे परत करा." अशीच तोंडी तक्रार आणखी दोन-तीन गटांतून आल्यामुळे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

तक्रारीत तथ्य आहे. गट ओव्हरसियरबरोबर आम्ही प्लॉट पाहिला. खोडव्याची वरची पोंग्याजवळची पाने पार पांढरी झाली आहेत आणि फुटवे खुरटले आहेत. खर्च करूनही गुण आला नाही, हे खरे आहे. मात्र त्याचे कारण हिराकशीत आहे की जमिनीत, हे तपासल्याशिवाय पुढचा उपाय सांगता येत नाही.

प्रथम माल पाहिला. चांगली हिराकस फिकट हिरव्या खड्यांची असते. हवा व ओल लागली की ती वरून तांबूस होते, म्हणजेच तिच्यातल्या लोहाचा गंज होतो, आणि हा गंज पिकाला घेता येत नाही. ओळखायला सोपे आहे. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन चमचाभर हिराकस विरघळवावी. पाणी फिकट हिरवट व नितळ राहिले तर माल चांगला. गढूळ तपकिरी होऊन तळाशी गाळ बसला तर माल बिघडलेला. सभासदांच्या घरी शिल्लक असलेली तिसरी पिशवी अशीच तपासली. वरचा माल चांगला निघाला, पण आतली प्लॅस्टिकची पिशवी खालच्या कोपऱ्यात फाटली होती व तिथला माल तांबडा झाला होता. ही पिशवी स्टोअरमधून बदलून मिळेल.

वापरलेल्या दोन पिशव्यांचा गुण का आला नाही, याचे कारण मातीत सापडले. या प्लॉटच्या मातीचा सामू 8.4 आहे आणि मुक्त चुना शेकडा 14 आहे. चुनखडीच्या अशा जमिनीत हिराकस नुसती टाकली की थोड्याच दिवसांत तिचा गंज होऊन बसतो. मुळाला ती मिळतच नाही. खरे तर एकरभर जमिनीच्या वरच्या थरात लोह टनावारी असते. जमिनीत लोह कमी नाही, ते चुन्याने अडवून ठेवले आहे. म्हणून आणखी दोन पिशव्या टाकल्या असत्या तरी त्या त्याच वाटेने गेल्या असत्या.

लागणीपेक्षा खोडव्यावर केवडा जास्त दिसतो, त्यालाही कारण आहे. तोडणीनंतर जुनी मुळे निकामी होत जातात आणि नव्या फुटव्याला स्वतःची मुळे फुटायला वेळ लागतो. त्यात पांढरे पडलेले पाहून आपण पाण्यावर पाणी देतो. सरीत पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत लोह आणखीच अडते. सदर प्लॉटलाही हिराकशीनंतर दर चार दिवसांनी पाणी दिलेले होते. "जास्तच पांढरा पडला" याचे कारण बहुतांशी हेच.

आता उपाय. उभ्या पिकाला लोह पानावाटे द्यावे. पंधरा लिटरच्या पंपाला हिराकस 75 ग्रॅम, युरिया 150 ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड (दुकानात 'लिंबू फूल' म्हणून मिळते) 15 ग्रॅम घ्यावे. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी लिंबू फूल विरघळवावे, मग हिराकस, शेवटी युरिया. आपल्या विहिरींचे पाणी जड असल्याने लिंबू फुलाशिवाय द्रावण बादलीतच तांबडे होते. द्रावण फडक्याने गाळून त्याच दिवशी संपवावे. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. त्यात दुसरे कोणतेही औषध मिसळू नये.

लहान खोडव्याला एकरी सुमारे दहा पंप लागतात. म्हणजे या सभासदांच्या दोन एकराला एका फवारणीस दीड किलो हिराकस आणि तीन किलो युरिया लागेल. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या केल्या तरी हिराकस साडेचार किलोच लागते. बदलून मिळणाऱ्या एका पिशवीत हे भागून साडेपाच किलो उरेल. नवीन खरेदीची गरज नाही.

एकच फवारणी करून थांबू नये. पानावर पडलेले लोह त्याच पानाला उपयोगी पडते, ते पुढच्या नव्या पानात फारसे जात नाही. त्यामुळे फवारलेले पान हिरवे झाले तरी पोंग्यातून येणारे पान पुन्हा पांढरे निघू शकते. नवी पाने आपोआप हिरवी निघू लागली की फवारणी बंद करावी. या काळात पाणी बेताचे द्यावे व साचलेले काढून द्यावे.

जमिनीतून द्यायचेच असेल तर एकरी दहा किलो हिराकस शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावी, ओलसर करून सावलीत पाच-सहा दिवस झाकून मुरवावी आणि बगला फोडल्यावर बुडख्याशेजारी देऊन मातीने झाकावी. शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात व गंज होऊ देत नाहीत. तरीही फार चुना असलेल्या जमिनीत एवढ्यावर भागत नाही, फवारणीची जोड लागतेच. अशा रानात एकापेक्षा जास्त खोडवे ठेवू नयेत, पाचट जाळू नये आणि लागणीआधी ताग गाडावा.

पंप खांद्यावर घेण्याआधी एक खात्री करावी. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. लोहाच्या केवड्यात खालची पाने हिरवी राहतात आणि कोवळी पाने पांढरी होतात, सुरुवातीला शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. सगळ्या रानात नव्हे, तर मधूनच एखाद्या बेटात गवतासारखे बारीक, पांढरट असंख्य फुटवे दिसले तर ती गवताळ वाढ आहे. तिच्यावर फवारणीचा काही उपयोग नाही, ते बेट मुळासकट उपटून नष्ट करावे. शंका असल्यास एका पांढऱ्या पानाच्या अर्ध्या भागावर वरचे द्रावण कापसाने लावून खूण करावी. आठवड्यात तेवढाच भाग हिरवा झाला तर लोहच कमी आहे असे समजावे.

तक्रारदार सभासदांनी उरलेली पिशवी पावतीसह गट ऑफिसात आणावी, त्याच दिवशी बदलून मिळेल. आधीच्या दोन पिशव्यांचे पैसे मात्र परत करता येणार नाहीत. त्या तपासायला शिल्लक नाहीत, आणि त्यांचा गुण मातीतल्या चुन्याने अडवला आहे. पहिली फवारणी ओव्हरसियर समक्ष उभे राहून करून घेतील आणि दहा दिवसांनी प्लॉट पुन्हा पाहतील. स्टोअरमध्ये यापुढे पिशवी देताना कोपरे तपासले जातील व वापराची चिठ्ठी सोबत मिळेल. ज्यांच्याकडे तांबडी पडलेली हिराकस निघेल त्यांनी ती रानात न टाकता पावतीसह परत आणावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते