दगडाला तडा, आत गंज

प्रश्न : वाईतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जोत्याचे घडीव दगड सांध्यांपाशी तडकताहेत, तड्यांतून तांबूस ओघळ येतात. सिमेंट भरू का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : सिमेंट नको. ओघळ तांबूस आहेत, म्हणजे दगड सांधणारी लोखंडी पट्टी बहुधा आत गंजते आहे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, कधी सहापटही. खाचेत ती नसते, म्हणून दगड फुटतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये प्राचीन कारागिरांनी पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते. विसाव्या शतकातल्या डागडुजीत ते गाळले आणि संगमरवर तडकला. आता तिथे टायटॅनियम बसवतात. तुम्हाला ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील पुरेल. मेटल डिटेक्टरने पट्टी शोधा, गंजासकट काढा, नवी चुन्यात बसवा. काढताना दगडच जाणार असेल, तर दरजा चुन्याने भरून पाणी अडवा. गंज मंदावेल, थांबणार मात्र नाही.