नळाला क्लोरीनचा वास, पण डीपीडीत रंगच नाही

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. म्हणून ही तपासणी नळाजवळच करायची.

नळ दोन मिनिटे वाहू द्या. त्याच पाण्याने नळी विसळून १० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. डीपीडी क्रमांक १ ची गोळी बोट न लावता वेष्टनातून थेट नळीत टाका, चुरा, ढवळा. मिनिटभरात पांढऱ्या कागदासमोर धरून रंग तक्त्याशी जुळवा. उशीर केला तर अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीनही हळूहळू रंग देतो आणि आकडा फुगतो. नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. भारतीय मानकाची वरची मर्यादा १ आहे.

आता फसवणारी गोष्ट. समजा, १०,००० लिटरच्या टाकीत ५० ग्रॅम टीसीएल पुरली असती, पण गढूळ पाणी पाहून कोणी ५०० ग्रॅम टाकली. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, म्हणजे लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅम. टाकीजवळच्या नळाला उग्र वास येतो, पण गोळी टाकली की क्षणभर गुलाबी झाक दिसून पाणी पुन्हा स्वच्छ होते. क्लोरीन डीपीडीचे एकदा ऑक्सिडीकरण करतो तेव्हा गुलाबी रंग तयार होतो. क्लोरीन जास्त उरला तर तो त्या रंगाचेच पुढे ऑक्सिडीकरण करून रंगहीन पदार्थ बनवतो. हे पाहून 'क्लोरीन नाही' अशी नोंद केली आणि आणखी पावडर टाकली, तर माणसांना ते पाणी तोंडात धरवणार नाही.

शंका आली की नमुना पातळ करा. सुई काढलेल्या सिरिंजने १ मिली नमुना घ्या, त्यात ९ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला आणि नवी गोळी टाका. रंग १.४ शी जुळला तर मूळ पाण्यात १४ मिलिग्रॅम आहे. काही क्लोरीन पाण्यातल्या गाळाने खाल्लेला असतो, त्यामुळे हिशेबापेक्षा आकडा कमी येणारच. पातळ करूनही रंग आला नाही, तरच क्लोरीन खरोखर नाही असे समजा.

पातळ करायला नळाचे पाणी घेऊ नका, त्यात स्वतःचा क्लोरीन असतो. हातपंपाचेही नको, त्यात ऑक्सिडीकरण झालेले मँगनीज असेल तर क्लोरीन नसतानाही गुलाबी रंग येतो. डिस्टिल्ड वॉटरमध्येही आधी एक गोळी टाकून बघा, ते रंगहीनच राहिले पाहिजे.

आकडा १४ आला तर जलसुरक्षकाला सांगून पुरवठा थांबवा. टाकीचे बरेचसे पाणी सोडून ताजे भरा आणि पुन्हा मोजा, टाकीजवळच्या नळालाही आणि गावाच्या शेवटच्या नळालाही.