आकृती नसलेला प्रश्न : संमिश्र संख्येचा मापांक आणि कोनांक

सायंकाळच्या अभ्यासिकेत आमच्या हाती कधीकधी अशी सरावपत्रिका येते, की तिच्यात ‘पुढील आकृती पाहा’ असे छापलेले असते आणि पुढे कोरा चौकोन असतो. छायाप्रत काढताना आकृती पुसली गेलेली असते. विद्यार्थी प्रश्न सोडून देतात. अशाच एका पत्रिकेतील दोन प्रश्न आम्ही येथे सोडवून दाखवीत आहोत.

पहिल्या प्रश्नात z = −√३ + i ही संख्या शब्दांत दिली होती, केवळ तिचा बिंदू दाखवणारी आकृती नव्हती. मापांक म्हणजे आरंभबिंदूपासूनचे अंतर. वास्तव भागाचा वर्ग ३, कल्पित भागाचा वर्ग १, बेरीज ४, म्हणून मापांक २. येथे कोणीही चुकत नाही. कोनांक म्हणजे धन X-अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजलेला कोन. तो काढण्यासाठी बहुतेक मुले कल्पित भागाला वास्तव भागाने भागतात, −१/√३ मिळवतात आणि tan⁻¹ चे कोष्टक पाहून −३०° असे लिहून मोकळी होतात.

हे उत्तर चूक आहे, आणि ते ओळखायला आकृती लागत नाही. मापांक २ आणि कोन −३०° घेऊन संख्या पुन्हा तयार करावी. २ cos(−३०°) म्हणजे √३ आणि २ sin(−३०°) म्हणजे −१. हाती आली √३ − i, म्हणजे आरंभबिंदूच्या नेमकी पलीकडची संख्या! भागाकार करताना दोन्ही चिन्हे एकमेकांत मिसळतात. १ भागिले −√३ आणि −१ भागिले √३ यांचे उत्तर एकच येते. शिवाय tan⁻¹ नेहमी −९०° आणि ९०° यांच्या मधलाच कोन देतो, म्हणजे Y-अक्षाच्या उजवीकडचाच. म्हणून वास्तव भाग ऋण असेल तर मिळालेल्या कोनात १८०° मिळवावे लागतात. आपला कोनांक १५०°, बिंदू दुसऱ्या चरणात. वास्तव भाग शून्य असेल तर भागाकारच करता येत नाही. तेथे ५i चा कोनांक ९०° आणि −५i चा २७०° हे चिन्हावरूनच सांगावे. (काही पुस्तके २७०° ऐवजी −९०° लिहितात, दिशा तीच.) शून्य या संख्येला कोनांकच नाही.

आर्गां यांनी १८०६ साली या भौमितिक मांडणीवरील पुस्तिका छापली, म्हणून या प्रतलाला त्यांचे नाव मिळाले. पण त्याआधीच, १७९७ साली, वेसेल या नॉर्वेजियन भूमापकाने हीच कल्पना डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. अंतर आणि दिशा यांनी बिंदू पकडणे हे तर भूमापकाचे रोजचेच काम.

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. ‘आकृतीतील P हा बिंदू z ही संख्या दाखवतो. OP = ४ असून OP रेषा X-अक्षाशी ६०° चा लघुकोन करते.’ येथे मापांक ४ निश्चित आहे, पण कोनांक निश्चित नाही. रेषा वर किंवा खाली, उजवीकडे किंवा डावीकडे असू शकते, म्हणून कोनांक ६०°, १२०°, २४०° किंवा ३००°. चार बिंदू, चार संख्या. एकच बिंदू मनाशी धरून पुढे जाणे हीच येथली खरी चूक.

पुढील उपप्रश्न होता : z च्या वर्गाचा वास्तव भाग किती? वर्ग केला की मापांकाचा वर्ग होतो आणि कोनांक दुप्पट होतो. मापांक १६. दुप्पट कोन १२०°, २४०°, ४८०°, ६००°. यांतून पूर्ण फेरे वगळले की उरतात १२०° आणि २४०° हेच. दोहोंचा cos −१/२, म्हणून चारही बाबतींत उत्तर −८. आकृती हरवली तरी काही बिघडले नाही.

घनाच्या बाबतीत तसे नाही. मापांक ६४, तिप्पट कोन १८०°, ३६०°, ७२०°, ९००°. म्हणजे बिंदू Y-अक्षाच्या उजवीकडे असेल तर घन −६४ आणि डावीकडे असेल तर ६४. येथे आकृतीने दिलेली माहिती खरोखरच हवी.

ती पत्रिकेतच सापडली. शेवटच्या उपप्रश्नात ‘P हा X-अक्षाच्या खाली आहे’ असे ओघात म्हटले होते, आणि ‘z चा घन धन संख्या आहे हे दाखवा’ असे विचारले होते. पहिल्या वाक्याने २४०° आणि ३००° एवढेच उरतात. दुसऱ्याने ३००° गळतो, कारण त्याचा घन −६४ येतो. कोनांक २४०°, तिसरा चरण, z = −२ − २√३ i. अर्थात, जे सिद्ध करायचे त्याचाच आधार आपण बिंदू शोधण्यासाठी घेतला आहे. म्हणून उत्तरपत्रिकेत आधी तसे स्पष्ट लिहावे, मग कोऱ्या चौकोनात बिंदू काढून २४०° ची तिप्पट ७२०°, म्हणजे पूर्ण दोन फेरे, असे दाखवावे.