चार कामे, एक अर्ज

पदवी घेऊन बाहेर पडलेला आपल्या भागातला विद्यार्थी पुष्कळदा एकाच नोकरीवर उभा नसतो. सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचे, दुपारी भाषांतर करायचे, रात्री वृत्तपत्राची मुद्रिते तपासायची, असा त्याचा दिवस जातो. यात कमीपणा काहीच नाही. अडचण येते ती अर्ज लिहिताना. ही कामे बायोडाटात एकाखाली एक मांडली, की वाचणाऱ्यास यादी दिसते, माणूस दिसत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. ती मराठीत एम. ए. असून कन्नडही उत्तम जाणते. शालेय पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत साहाय्यक संपादकाच्या जागेसाठी तिने मे 2024 अखेर अर्ज केला. तो पाठविण्यापूर्वी खर्डा तिने मला दाखविला. त्यात चार ओळी होत्या : अतिथी व्याख्याती, जून 2021 पासून, मुद्रितशोधक, जून 2022 पासून, भाषांतरकार, जानेवारी 2023 पासून, दुकानाचे हिशेब, 2022 पासून.

यात खोटे काही नव्हते. परंतु वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. हिने एक काम सोडून दुसरे धरले, की सर्व एकदम चालू आहेत? यांतले खरे काम कोणते? यादी याचे उत्तर देत नाही, आणि अर्ज चाळणारा माणूस विचारायला थांबत नाही.

म्हणून प्रथम मी तिला एवढेच विचारले, की प्रत्येक कामातून समोरच्याला काय मिळते? विद्यार्थ्यांना अवघड पाठ उलगडून मिळतो, वृत्तपत्राला निर्दोष पान मिळते, पक्षकाराला कन्नड कागद वाचता येईल अशा मराठीत मिळतो. म्हणजे तिन्हींत काम एकच : मजकूर बिनचूक आणि वाचकाला समजेल असा करून देणे. हिशेब त्यात बसत नाहीत. ते ‘इतर’ या सदराखाली एका ओळीत गेले. येथे एक खूण ध्यानात ठेवावी. ‘लोकांशी संपर्क’ असा धागा घेतला असता, तर दुकानही त्यात सहज बसले असते. ज्यात सर्वच बसते तो धागा फार सैल. त्याने काहीच सांगितले जात नाही.

मग वर एक मथळा आला : ‘मराठी व कन्नड मजकुराचे काम, जून 2021 पासून, पुढील तिन्ही कामे अर्धवेळ व एकाच वेळी चालू’. त्याखाली तीन नोंदी, तारखांच्या क्रमाने नव्हे, तर त्या जागेच्या गरजेच्या क्रमाने. आधी मुद्रितशोधन, आठवड्यातून सहा रात्री दोन-दोन तास, म्हणजे 12 तास. मग भाषांतर, सुमारे 8 तास. शेवटी अध्यापन, 8 तास. प्रत्येक नोंदीत काम कोणासाठी, केव्हापासून आणि नेमके काय, हे एका वाक्यात. तास लिहिल्यामुळे एकमेकींवर चढलेल्या तारखांचा संशय आपोआप मिटला.

तथापि एकसंध मांडणीला मर्यादा आहेत. तिन्ही कामांचे महिने अनुक्रमे 36, 24 आणि 17; बेरीज 77, म्हणजे जवळजवळ साडेसहा वर्षे. पण दिनदर्शिकेत गेली ती तीनच वर्षे, आणि अनुभव म्हणून तीनच लिहावीत. तसेच मथळा म्हणजे हुद्दा नव्हे. तिने स्वतःला ‘संपादक’ म्हटले असते आणि कोणी वृत्तपत्राच्या कचेरीत चौकशी केली असती, तर उत्तर ‘मुद्रितशोधक’ असेच आले असते. मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडाला असता. छापील नमुन्याचा अर्ज असेल, तर प्रत्येक नोकरी तिच्या रकान्यात वेगळीच भरावी. धागा सोबतच्या पत्रात सांगावा. नेमणूक झाल्यास कोणती कामे सोडणार, हेही त्याच पत्रात लिहावे, कारण मुलाखतीत तो प्रश्न बहुधा येतोच.

मांडणी साधली की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती तो कागद अर्धा मिनिट द्यावा, परत घ्यावा आणि विचारावे, ‘ही व्यक्ती काय काम करते?’ ‘पुष्कळ काही करते’ असे उत्तर आले, तर अजून यादीच आहे असे समजावे. ‘मराठी-कन्नड मजकूर नीट करून देते’ असे आले, तर अर्ज टपालात टाकावा.

उद्या हीच विद्यार्थिनी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करील, तेव्हा अध्यापन वर येईल, मुद्रितशोधन खाली जाईल आणि मथळाही निराळा होईल. तारखा आणि तास मात्र दोन्ही कागदांवर तेच राहतील.